तोफेचे तीन प्रश्न आणि आकाशातील घड्याळ

जबलपूर शहराचे नाव निघाले की भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि नर्मदेचा धुवाधार प्रपात यांची आठवण होते. परंतु या शहराची आणखी एक ओळख आहे. येथील तोफगाडी कारखाना १९०४ साली स्थापन झाला. येथील छावणीत सैन्याच्या संदेशवाहक दलाचे, म्हणजे सिग्नल कोअरचे, एक मोठे प्रशिक्षण केंद्रही आहे. याच कारखान्यात तयार झालेल्या 'धनुष' या तोफेच्या पहिल्या सहा नगांचे हस्तांतर ८ एप्रिल २०१९ रोजी भूसेनेस करण्यात आले. १५५ मिलिमीटर व्यासाच्या नळीची ही तोफ सुमारे ३८ किलोमीटरपर्यंत मारा करू शकते.

अडतीस किलोमीटर म्हणजे दृष्टीच्या कितीतरी पलीकडचे अंतर. तोफेजवळ उभ्या असलेल्या जवानास लक्ष्य कधीच दिसत नाही. म्हणून गोळा सुटण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मिळावी लागतात. शत्रू कोठे आहे? हुकूम कसा पोहोचणार? आणि आपली तोफ स्वतः नेमकी कोठे उभी आहे? टेहळणी, संदेशवहन आणि स्थाननिश्चिती अशी या तीन कामांची नावे होत. आज तिन्ही कामांत कृत्रिम उपग्रहांचा हात असतो. पहिल्या दोहोंचा परिचय थोडक्यात करून घेऊन आपण तिसऱ्याकडे वळू. कारण तो प्रश्न वरवर सर्वांत सोपा भासतो, आणि प्रत्यक्षात तोच सर्वांत अवघड आहे.

डोळे आणि आवाज

टेहळणीचे उपग्रह पृथ्वीच्या जवळून फिरतात. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी सोडलेला 'कार्टोसॅट-३' सुमारे ५०९ किलोमीटर उंचीवर ठेवण्यात आला. एवढ्या उंचीवरून जमिनीवरील वीतभर लांबीची वस्तू छायाचित्रात एका ठिपक्याएवढी उमटावी, अशी त्याच्या कॅमेऱ्याची योजना आहे. मात्र असा उपग्रह एका जागी थांबून पाहत नाही. सुमारे दीड तासात तो पृथ्वीची एक प्रदक्षिणा पूर्ण करतो आणि एखादे ठिकाण त्याच्या टप्प्यात काही मिनिटेच राहते. म्हणजे चित्र कितीही स्पष्ट असले तरी ते क्षणभरापूर्वीचे नव्हे, तर मागील फेरीचे असते. मधल्या काळात शत्रूची गाडी हललेली असू शकते. शिवाय आषाढातील ढगांपुढे कॅमेऱ्याचा इलाज चालत नाही. त्यासाठी रडारचे उपग्रह लागतात. ते स्वतःच रेडिओलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपतात, आणि या लहरींना ढग किंवा अंधार अडवू शकत नाहीत.

संदेशवहनाचे उपग्रह याच्या उलट फार दूर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. तेथे उपग्रहाची गती पृथ्वीच्या परिवलनाशी जुळते, त्यामुळे तो आकाशात एकाच जागी स्थिर दिसतो. नौदलासाठी 'जीसॅट-७' ३० ऑगस्ट २०१३ रोजी आणि वायुदलासाठी 'जीसॅट-७ए' १९ डिसेंबर २०१८ रोजी सोडण्यात आला. डोंगराआडच्या तुकडीस साधा बिनतारी संच ऐकू जात नाही. पण डोक्यावरचा उपग्रह दोन्ही खोऱ्यांस दिसतो. संदेश वर जाऊन खाली येईपर्यंत सुमारे पाव सेकंद लागतो, एवढाच विलंब.

आपण कोठे आहोत?

आता तिसरा प्रश्न. तोफ आपल्या समजुतीपेक्षा शंभर मीटर पूर्वेस उभी असेल, तर गोळाही शंभर मीटर पूर्वेसच पडणार. गणित कितीही अचूक असले तरी ही चूक कमी होत नाही. पूर्वी मोजणी करणारी तुकडी थिओडोलाइट घेऊन, माहीत असलेल्या खुणेपासून मोजत मोजत तोफेची जागा ठरवीत असे. त्या कामास वेळ लागे. आज गोळा सुटल्यावर शत्रूचे रडार त्याचा मार्ग पाहून तोफेची जागा काही मिनिटांत शोधते. म्हणून तोफेस गोळे सोडून लगेच जागा बदलावी लागते. प्रत्येक नव्या जागी पुन्हा मोजणी करण्यास सवड नसते.

उपग्रह ही जागा सांगतात ती केवळ वेळ सांगून. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून वीज किती दूर पडली हे आपण घरी अजमावतो. तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर. येथेही तत्त्व तेच. उपग्रह सतत 'आता अमुक वेळ झाली, मी अमुक ठिकाणी आहे' असे सांगत असतो. तोफेवरील ग्राहक, म्हणजे रिसीव्हर, तो संदेश किती उशिरा पोहोचला हे पाहतो आणि त्यावरून अंतर काढतो. फरक एवढाच की रेडिओलहर प्रकाशाच्या वेगाने येते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ती ३०० मीटर जाते. घड्याळ तेवढ्याने चुकले की अंतर ३०० मीटरनी चुकले.

म्हणूनच उपग्रहात अणुघड्याळ ठेवतात. रुबिडियम या धातूच्या अणूत दर सेकंदास सुमारे ६८३ कोटी कंपांची एक ठराविक लय असते. त्या लयीवर हे घड्याळ चालते. तोफेवर असे महागडे घड्याळ बसविणे व्यवहार्य नाही. तेथे साधे क्वार्ट्झचे घड्याळ असते आणि ते थोडे चुकीचेच असते. यावर उपाय मोठा चतुर आहे. जागा ठरविण्यास रेखांश, अक्षांश आणि उंची या तीन गोष्टी हव्यात. चौथी अज्ञात गोष्ट म्हणजे आपल्या घड्याळाची चूक. चार अज्ञातांसाठी चार समीकरणे हवीत, म्हणून चार उपग्रह हवेत. तीनच दिसत असतील तर उंची गृहीत धरून काम रेटावे लागते, आणि ते गृहीत चुकले की जागाही चुकते.

वाटेतील अडथळा

जमिनीपासून काही शे किलोमीटर उंचीवर विद्युत्भारित कणांचा एक थर आहे. त्यास आयनांबर म्हणतात. त्यातून येताना लहर किंचित रेंगाळते. हा थर सर्वत्र सारखा दाट नसतो. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोहों बाजूंस दुपारनंतर तो विशेष दाट होतो, आणि भारतात हा दाट पट्टा मध्य प्रदेश-गुजरातच्या अक्षांशांवर येतो. कर्कवृत्ताजवळचे जबलपूर या पट्ट्यापासून दूर नाही.

भारताच्या 'नाविक' या स्वतःच्या व्यवस्थेत यावर दोन वेगळ्या लहरींची योजना आहे: एक सुमारे ११७६ मेगाहर्ट्झची, दुसरी सुमारे २४९२ मेगाहर्ट्झची. पहिली लहर दुसरीपेक्षा सुमारे साडेचार पट रेंगाळते. समजा, दुपारी ग्राहकास पहिल्या लहरीवरून मोजलेले अंतर दुसऱ्या लहरीवरून मोजलेल्या अंतरापेक्षा १४ मीटर जास्त आले. दुसऱ्या लहरीची चूक एक भाग धरली तर पहिलीची साडेचार भाग. दोहोंतील फरक साडेतीन भाग. १४ मीटरांस साडेतीनने भागले की ४ मीटर येतात. म्हणजे दुसऱ्या लहरीच्या अंतरातून ४ मीटर वजा करावेत की खरे अंतर हाती लागते. एकच लहर असती तर हा हिशेब अंदाजावर सोडावा लागला असता.

घड्याळे थांबली तेव्हा

स्वतःची व्यवस्था हवी कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. १९९९ मध्ये कारगिलचे युद्ध झाले, तेव्हा अमेरिकेची जीपीएस व्यवस्था सर्वांस खुली असली तरी नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे. त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुके. मे २००० मध्ये अमेरिकेने ही चूक काढून टाकली. पण जे दुसऱ्याने काढले ते त्यास पुन्हा घालताही येते.

'नाविक'चा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. व्यवस्थेत सात उपग्रह योजलेले होते आणि प्रत्येकात तीन परदेशी अणुघड्याळे होती. २०१६ च्या सुमारास पहिल्या उपग्रहातील तिन्ही घड्याळे बंद पडली. उपग्रह जिवंत होता, बोलतही होता. पण वेळ सांगू शकत नसल्याने स्थाननिश्चितीस निरुपयोगी ठरला. त्याच्या जागी ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सोडलेला उपग्रह अग्निबाणाचे उष्णताकवच न उघडल्यामुळे आतच अडकून राहिला. १२ एप्रिल २०१८ रोजी दुसरा बदली उपग्रह यशस्वी झाला. २९ मे २०२३ रोजी भारतात बनविलेले रुबिडियम घड्याळ घेऊन 'एनव्हीएस-०१' गेला. त्यानंतरचा 'एनव्हीएस-०२' २९ जानेवारी २०२५ रोजी अग्निबाणाने नीट पोहोचविला, परंतु त्याची झडप न उघडल्याने तो नियोजित कक्षेत जाऊ शकला नाही. जुलै २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे स्थाननिश्चितीचे काम चारच उपग्रह करीत होते. चार ही गणिताची किमान गरज आहे. एखाद्या कड्याआड एक उपग्रह झाकला गेला की उत्तर अपुरे राहते. म्हणून ग्राहक परदेशी उपग्रहांचेही संकेत जमेस धरतात.

दोन साक्षीदार

यापेक्षा मोठा धोका शत्रूच्या हातात आहे. उपग्रहाचा संकेत जमिनीवर पोहोचतो तेव्हा अत्यंत क्षीण झालेला असतो. एका वॅटचे एक कोटी भाग करावेत, त्यांतील एकाचे पुन्हा एक कोटी भाग करावेत आणि त्यातील एकाचा शंभरावा भाग घ्यावा, एवढीच त्याची शक्ती. साध्या यंत्रानेही त्यावर गोंगाट करून तो बुडविता येतो. युक्रेनच्या युद्धात उपग्रहाच्या आधारे जाणाऱ्या अमेरिकी तोफगोळ्यांची अचूकता अशा गोंगाटामुळे फार घसरल्याचे वृत्त २०२४ मध्ये आले. गोंगाट ओळखणे तुलनेने सोपे. सारे उपग्रह एकदम नाहीसे होतात. त्याहून घातक असतो तो खोटा संकेत. त्यात ग्राहकास सर्व काही ठीक दिसते, फक्त जागा चुकीची येते.

म्हणून 'धनुष'सारख्या तोफेवर उपग्रहाच्या ग्राहकाबरोबर जडत्वाधारित दिशादर्शक यंत्रही बसवितात. त्यातील घूर्णदर्शी, म्हणजे जायरोस्कोप, आणि वेगबदल मोजणारी साधने तोफ किती सरकली, किती वळली याचा हिशेब बाहेरच्या कोणाचाही आवाज न ऐकता ठेवतात. शिवाय तोफेचे तोंड कोणत्या दिशेस आहे हे उपग्रहाचा एकटा ग्राहक सांगू शकत नाही. ते काम याच यंत्राचे. वर्तुळाचे ६४०० भाग केले आणि त्यातील एकाच भागाने दिशा चुकली, तर ३८ किलोमीटरवर गोळा सुमारे ३७ मीटर बाजूस पडतो. या यंत्राचा दोष असा की त्याची चूक हळूहळू साचत जाते, आणि ती उपग्रहाकडून वेळोवेळी दुरुस्त करून घ्यावी लागते.

असे हे दोन साक्षीदार. तोफ जागची हललेली नाही असे जडत्वाचे यंत्र सांगत असता ग्राहकाने ती दोनशे मीटर सरकल्याचे दाखविले, तर तोफखान्याच्या नायकाने ग्राहकावर विश्वास ठेवता कामा नये. तो संच बाजूस ठेवून, शेवटच्या खात्रीच्या जागेपासून यंत्राचा हिशेब पुढे चालवावा आणि जमल्यास नकाशावरील एखाद्या खुणेशी तो ताडून पाहावा. लक्ष्याच्या पलीकडे एखादे खेडे असेल, तर त्या दोनशे मीटरांत तेथील माणसांच्या जीविताचा प्रश्न असतो.