तीन चमकांत लेन बदलते का?

इंडिकेटरची दांडी हलकेच ढकलून सोडली की बहुतेक नव्या गाड्यांत दिवा तीनदा चमकून थांबतो. मिनिटाला साधारण 90 चमका धरल्या, तर तीन चमका म्हणजे जेमतेम दोन सेकंद. ताशी 80 किमी वेगात गाडी तेवढ्यात 44 मीटर जाते, पण लेन बदलून होत नाही. ह्युंदाईच्या अनेक गाड्यांत Lights मेनूतील One Touch Turn Signal मध्ये 3, 5 किंवा 7 चमका निवडता येतात. सात चमका सुमारे पावणेपाच सेकंद टिकतात. लेन त्याहून हळू बदलत असाल, तर दांडी पूर्ण दाबा. काही महागड्या गाड्या इंडिकेटर दिल्यावर स्वतः लेन बदलतात. ती सोय वेगळी. तिथेही नजर आरशात आणि हात स्टिअरिंगवरच हवेत.