स्ट्रॉबेरीचा जॅम : थंड बशीवरील परीक्षा

स्ट्रॉबेरीत पेक्टिन, म्हणजे फळाचा रस घट्ट धरणारे द्रव्य, कमी असते. म्हणून तिचा जॅम नुसत्या साखरेवर नीट धरत नाही. १ किलो फळ कुस्करून मऊ शिजवावे. पाऊण किलो साखरेतून मूठभर साखर काढून तीत १० ग्रॅम पेक्टिनची पूड कोरडीच मिसळावी व ती फळात घालावी. नुसती पूड टाकल्यास गुठळ्या होतात व त्या मागाहून विरत नाहीत. पूड विरघळल्यावर उरलेली साखर व २ लिंबांचा रस घालून मोठ्या आचेवर ढवळीत राहावे. आंबटपणा कमी पडल्यास पेक्टिन धरत नाही.

जॅम १०५ अंश सेल्सिअसला तयार होतो असे सांगतात, ते समुद्रसपाटीपुरते खरे. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणीच सुमारे ९५ अंशांना उकळते. तेथे १०५ ची वाट पाहिल्यास जॅम चिवट व काळपट होतो. बशीची परीक्षा मात्र कोठेही चालते. बशी अगोदर बर्फावर गार करून कोरडी पुसावी. पातेले चुलीवरून उतरवूनच परीक्षा घ्यावी, एरवी तेवढ्या वेळात पाक पुढे जातो. बशीवर चमचाभर जॅम टाकून मिनिटभराने बोटाने सारावा. वर सुरकुती पडली व बोटाची वाट मोकळी राहिली, तर जॅम झाला. वाट मिटल्यास आणखी दोन मिनिटे शिजवून दुसऱ्या गार बशीवर पाहावे.