गोदामातला माल आणि खात्यातली उचल

कॅश क्रेडिट खात्याला मंजूर झालेली मर्यादा ही फक्त वरची रेषा असते. त्या रेषेच्या आत प्रत्यक्षात किती पैसे उचलता येतील, हे दर महिन्याला नव्याने ठरते. उद्योजक महिनाअखेरीला गोदामात किती माल आहे, गिऱ्हाइकांकडून किती येणे आहे आणि पुरवठादारांना किती देणे आहे, याचे पत्रक बँकेला देतो. त्यावरून निघणाऱ्या रकमेला ड्रॉइंग पॉवर म्हणतात. माल बँकेकडे नजरगहाण असतो, म्हणजे हक्क बँकेचा असला तरी ताबा आणि किल्ली कर्जदाराकडेच राहते. पत्रकही तोच भरतो. ते खरे आहे का, हे पाहण्यासाठी बँक आपल्या यादीवरच्या बाहेरच्या लेखापरीक्षकाला पाठवते. हेच स्टॉक ऑडिट.

जळगावसारख्या डाळ मिलच्या गावातली एक काल्पनिक मिल घेऊ. तिची मर्यादा 2 कोटींची आहे. 31 जानेवारीच्या पत्रकात तूर आणि डाळ मिळून 2 कोटी 40 लाखांचा माल, अडत्यांचे देणे 40 लाख आणि व्यापाऱ्यांकडून येणे 1 कोटी 20 लाख दाखवले आहे. मंजुरीपत्राप्रमाणे मालावर 25 टक्के आणि येण्यावर 40 टक्के मार्जिन आहे. मालातून देणे वजा केले की 2 कोटी उरतात, कारण उधारीवर आणलेल्या मालात अडत्याचा पैसा आधीच गुंतलेला असतो आणि त्याच मालावर बँक पुन्हा कर्ज देत नाही. 25 टक्के मार्जिन काढले की उरतात दीड कोटी. येण्यातून 40 टक्के काढले की 72 लाख. बेरीज 2 कोटी 22 लाख होते. मर्यादा 2 कोटींचीच असल्याने तेवढीच उचल मिळते. मिलने 1 कोटी 90 लाख उचलले आहेत, तेव्हा कागदावर सगळे ठीक दिसते.

लेखापरीक्षक 12 फेब्रुवारीला येतो. त्या दिवशी मोजलेला माल 31 तारखेच्या पत्रकाशी थेट जुळणार नाही. म्हणून तो मोजणीत मधल्या दिवसांची जावक मिळवतो, आवक वजा करतो आणि 31 जानेवारीच्या आकड्यापर्यंत मागे जातो. या मागे जाण्यातच पुष्कळ फेरफार लपवता येतात. म्हणून जावकीच्या नोंदी त्याला नुसत्या वहीतून घेता येत नाहीत. वजनकाट्याच्या पावत्या आणि ट्रकच्या बिल्ट्या त्यांच्याशी ताडून पाहाव्या लागतात.

पोती एकेक करून कुणी मोजत नाही, थप्पी मोजतात. समजा एक थप्पी लांबीला 10, रुंदीला 8 आणि उंचीला 12 पोत्यांची आहे. म्हणजे 960 पोती, 50 किलोच्या हिशेबाने 480 क्विंटल. पण थप्पी बाहेरून भरीव दिसली म्हणजे ती आत भरीव असतेच असे नाही. जाणता परीक्षक शिडी लावून वर चढतो, मधली दोन-चार पोती काढायला लावतो आणि काही पोत्यांत परखी खुपसून आत तूरच आहे की भुसा, हे बघतो. या थप्पीत वरच्या थराखाली फळ्या निघाल्या. मधल्या पोकळीत 6 गुणिले 4 गुणिले 11, म्हणजे 264 पोत्यांची जागा रिकामी होती. त्या 132 क्विंटल तुरीचा दर क्विंटलला 7,500 रुपये धरला, तर साधारण 10 लाखांचा माल कमी.

उरलेला माल जागेवर असला, तरी तो सगळा मिलचा नसतो. आपल्या गोदामातल्या 15 लाखांच्या पोत्यांवर दुसऱ्याच व्यापाऱ्याचा शिक्का होता. ती तूर मजुरीवर भरडायला आलेली होती. आणखी 10 लाखांची डाळ गेल्या हंगामातली, कीड लागलेली. तीही वजा होते. बँकेने मोजावा असा माल 2 कोटी 5 लाखांचाच राहतो.

मोजणीपेक्षाही बोलका एक हिशेब असतो. तूर भरडली की साधारण सत्तर टक्क्यांच्या आसपास डाळ पडते, बाकी चुणी आणि टरफल. वहीत 10,000 क्विंटल तूर भरडली आणि 6,400 क्विंटलच डाळ निघाली असे असेल, तर दोनच शक्यता उरतात. एक तर डाळ बिलाशिवाय गेली, नाहीतर एवढी तूर आलीच नाही आणि खरेदी कागदावरच फुगवली. शंका आली की विजेची बिले आणि बाजार समितीच्या पावत्या काढल्या जातात, कारण भरडाईचे प्रमाण वाढले तर मीटरही तेवढाच पळायला हवा.

देण्याची बाजू बहुतेक वेळा दुर्लक्षित राहते, आणि लबाडीला तीच सर्वांत सोयीची. माल दाखवायला निदान पोती लागतात, देणे लपवायला मात्र एक नाव यादीतून वगळले की पुरते. परीक्षक फेब्रुवारीच्या पहिल्या दहा दिवसांत खात्यातून कोणाकोणाला पैसे गेले ते पाहतो. ज्या अडत्यांना मोठ्या रकमा गेल्या, पण ज्यांची नावे 31 जानेवारीच्या यादीत नाहीत, त्यांच्या खात्यांचे उतारे मागवले की देणे 40 ऐवजी 65 लाख निघते.

येण्यांची छाननी वयाप्रमाणे होते. प्रत्येक बिलाची तारीख घेऊन 30, 60, 90 दिवसांचे गट पाडले जातात, आणि सामान्यतः 90 दिवसांवरचे येणे ड्रॉइंग पॉवरमध्ये धरत नाहीत. या मिलची अशी जुनी येणी 28 लाखांची आहेत. मालकाच्याच दुसऱ्या फर्मकडचे 12 लाखही वगळले जातात, कारण ते पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणार. उरतात 80 लाख. जुने बिल तरुण करण्याची एक ठरलेली युक्ती आहे: माल परत आल्याची क्रेडिट नोट काढायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच व्यापाऱ्याच्या नावाने नवे बिल फाडायचे. अशा परतीला ना बिल्टी असते, ना काट्याची पावती, आणि परतीची रक्कम बहुधा नव्या बिलाशी रुपयापर्यंत जुळते. व्यापाऱ्यांना बाकी कळवण्यासाठी पत्रे पाठवली जातात. पण निम्म्यांची उत्तरे येतच नाहीत, हेही खरे.

आता हिशेब नव्याने मांडू. 2 कोटी 5 लाखांतून 65 लाखांचे देणे गेले, 1 कोटी 40 लाख उरले. मार्जिन काढून 1 कोटी 5 लाख. येणी 80 लाख, मार्जिन काढून 48 लाख. ड्रॉइंग पॉवर 1 कोटी 53 लाख. उचल 1 कोटी 90 लाखांची आहे, म्हणजे 37 लाख जास्तीचे निघाले आहेत. ही रक्कम मालकाने भरून खाते पातळीवर आणायची असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे मर्यादेपेक्षा किंवा ड्रॉइंग पॉवरपेक्षा जास्त बाकी सलग 90 दिवस राहिली, तर खाते अनुत्पादक ठरते. पत्रकच तीन महिन्यांहून जुने असेल, तर त्यावर काढलेली उचलही अनियमित धरली जाते.

अहवालात विम्याची नोंदही हवी: पॉलिसीत बँकेचे नाव आहे का, आणि माल ज्या गोदामात आहे त्याच पत्त्यासाठी विमा उतरवला आहे का. भाड्याने घेतलेले दुसरे गोदाम पॉलिसीत नसणे ही नेहमीची चूक. या तपासणीला एक मर्यादाही आहे. परीक्षक येणार असल्याचे बहुधा आधी कळते, आणि दोन दिवसांत शेजारच्या मिलमधून पोती आणून थप्पी भरता येते. म्हणून काही बँका भेटीची तारीख कळवत नाहीत, आणि परीक्षक मोजणीनंतर आठवड्याभराने काट्याच्या पावत्या पुन्हा मागतो: मोजलेल्या पोत्यांपैकी काही लगेचच, बिलाशिवाय, फाटकाबाहेर गेली का, हे त्यातून दिसते.