अर्ध्या तासाची मागणी

नवी कंपनी काढणारा माणूस गुंतवणूकदाराला पहिलं पत्र लिहितो तेव्हा त्याच्या मनात पैसे असतात. मग तो त्या पत्रातच सगळं सांगू पाहतो: कल्पना कशी सुचली, बाजार किती मोठा आहे, घरच्यांनी कशी साथ दिली. वाचणाऱ्याला त्या क्षणी एवढंच ठरवायचं असतं की या माणसाला अर्धा तास द्यायचा की नाही. आणि तेही तो बहुतेक वेळा एकट्याने ठरवत नाही. पत्र बरं वाटलं तर तो ते हाताखालच्या विश्लेषकाकडे किंवा त्या धंद्यातल्या ओळखीच्या माणसाकडे पाठवतो आणि वर एक ओळ लिहितो, ‘हे बघ जरा.’ पुढचा वाचक लिहिणाऱ्याला ओळखत नसतो. त्याच्यासमोर असतं ते पत्र आणि सोबतचं एक पान.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. इचलकरंजीतल्या एका तरुणाने यंत्रमागावर बसवायचं एक छोटं उपकरण तयार केलं आहे. माग कधी थांबला, किती वेळ थांबला, आणि धागा तुटल्यामुळे थांबला, कांडी संपल्यामुळे थांबला की वीज गेल्यामुळे, याची ते नोंद ठेवतं. कारखानदाराला ती मोबाइलवर दिसते. अशी पत्रं सहसा इंग्रजीतच जातात. आपण मराठीत लिहून पाहू.

विषय: इचलकरंजीतले ६४० यंत्रमाग भाडेतत्त्वावर, ३० मिनिटांची भेट

सप्रेम नमस्कार मॅडम,
यंत्रमाग किती वेळ आणि कशामुळे बंद राहतो हे मोजणारं उपकरण आम्ही मागामागे महिना १५० रुपये भाड्याने देतो. आज ३८ कारखान्यांतल्या ६४० मागांचं भाडं येतं. सहा महिन्यांपूर्वी २१० मागांचं येत होतं. लहान कारखान्यांना यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीत आपण गुंतवणूक केली आहे, म्हणून आपल्याला लिहीत आहे. आम्ही दीड कोटी रुपये उभारत आहोत. एका पानाची माहिती सोबत जोडली आहे. येत्या मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी ३ ते ६ च्या दरम्यान ३० मिनिटं देऊ शकाल का? व्हिडिओ कॉल चालेल, किंवा मी मुंबईत आपल्या ऑफिसात येईन.

पत्र एवढंच. यातलं सर्वांत कामाचं क्रियापद ‘येतं’ आहे. उपकरण ६४० मागांवर ‘बसवलं’ असं लिहिलं असतं, तर जाणकाराने लगेच विचारलं असतं की त्यातले फुकट चाचणीवर किती. नव्या कंपन्यांच्या कागदांवर हा घोळ वारंवार दिसतो. चाचणीवरचे ग्राहक आणि पैसे देणारे ग्राहक एकाच आकड्यात मिसळलेले असतात, किंवा एका चांगल्या महिन्याची विक्री बाराने गुणून वार्षिक म्हणून छापलेली असते. विश्लेषक हे पाच मिनिटांत ओळखतो, कारण तो ग्राहकसंख्येला दराने गुणून जमेशी ताडून पाहतो. इथे ६४० गुणिले १५० म्हणजे महिना ९६ हजार. पानावरही ९६ हजारच हवेत.

आता ते पान. अडचण काय, उपाय काय, पैसे कोण देतो, आजवर काय घडलं, माणसं कोण, किती पैसे हवेत आणि ते कशावर खर्च होणार, एवढं त्यावर पुरतं. या तरुणाने लिहिलं आहे की दीड कोटीत १८ महिने चालवू आणि ६,००० मागांपर्यंत जाऊ. वाचक कागदावर मांडणी करतो. आणखी ५,३६० उपकरणं लागतील. एकाला १,८०० रुपये खर्च येतो, म्हणजे सुमारे साडेशहाण्णव लाख. उरलेले साडेत्रेपन्न लाख १८ महिन्यांत वाटले तर महिन्याला जेमतेम तीन लाख. त्यात पगार, दुरुस्ती, प्रवास, सगळं आलं. वर भाड्याची जमा हळूहळू वाढत जाईल. मागलेल्या पैशातला जवळजवळ दोनतृतीयांश भाग उपकरणांत अडकतो आणि प्रत्येक उपकरण आपली किंमत भाड्यातून पुरत्या बारा महिन्यांत फेडतं.

इथे गुंतवणूकदार थबकेल. बारा महिन्यांत पैसे परत आणणाऱ्या यंत्रासाठी कंपनीतला हिस्सा का विकायचा? कर्ज का नाही? उलट बाजूने तो हेही विचारेल की खर्चीवाला यंत्रमागधारक, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणारा, मंदीत माग बंद ठेवतो तेव्हा भाडं देतो का? मला विचाराल तर हे प्रश्न उठावेत असंच पान लिहावं. अर्ध्या तासातली दहा मिनिटं सांगण्यात जातात आणि उरलेली वीस अशाच प्रश्नांवर. प्रश्न आधीच धारदार झालेला असेल तर ती वीस मिनिटं सार्थकी लागतात.

काही गोष्टी पानावर नसाव्यात. या टप्प्यावर गोपनीयतेचा करार करायला गुंतवणूकदार सहसा तयार होत नाहीत आणि पान पुढे फिरणार हे धरूनच चालायचं. त्यामुळे सर्किटची आखणी किंवा ग्राहकांची नावं त्यांच्या परवानगीशिवाय नकोत. पेटंट घ्यायचं असेल तर अर्ज आधी, पत्र नंतर. शेअर विकण्याचा औपचारिक प्रस्तावही त्यावर नको. कंपनी कायद्याच्या कलम ४२ खाली खासगीरीत्या शेअर देताना त्याची जाहिरात करता येत नाही. प्रस्ताव निवडक, नावानिशी ठरवलेल्या लोकांनाच आणि ठरावीक नमुन्यात द्यावा लागतो, तोही एका आर्थिक वर्षात साधारणपणे २०० जणांपर्यंतच. एकच पत्र शेकडो पत्त्यांवर झोडून देणं म्हणून नुसतं अशोभनीय नाही, अडचणीचंही ठरू शकतं.

पत्र कोणाला जातं यावर निम्मा निकाल ठरतो. पाचशे कोटींचा फंड वीस कंपन्यांत वाटायचा, तर एकीच्या वाट्याला सरासरी २५ कोटी येतात. तो फंड दीड कोटीच्या सौद्याला बसत नाही, पत्र कितीही नेटकं असो. २००८ च्या जूनमध्ये एअरबीएनबीच्या संस्थापकांची सिलिकॉन व्हॅलीतल्या सात गुंतवणूकदारांशी ओळख करून देण्यात आली. दीड लाख डॉलर हवे होते, कंपनीचं मोल दीड दशलक्ष डॉलर धरून. पाच जणांनी नकार कळवला, दोघांनी उत्तरच दिलं नाही. संस्थापकांपैकी ब्रायन चेस्की यांनी २०१५ मध्ये ते नकार प्रसिद्ध केले. त्यांत हे क्षेत्र आमचं नाही, बाजार पुरेसा मोठा वाटत नाही, अशी कारणं दिसतात. पहिल्या कारणावर उपाय नाही, पत्ता बदलायचा. दुसऱ्यावर आहे. आपल्या तरुणाने इचलकरंजीबरोबर भिवंडी आणि मालेगावचे मागही हिशेबात मांडले, तर पान तेच राहून चित्र बदलतं.

क्षुल्लक वाटणाऱ्या तांत्रिक चुका मात्र घात करतात. पान पीडीएफमध्ये जोडावं. लिंक दिली आणि ती उघडायला परवानगी मागावी लागली, तर मोबाइलवर वाचणारा तिथेच थांबतो. फाइलच्या नावात कंपनीचं नाव आणि महिना असावा. ‘फायनल २’ नावाच्या फायली त्याच्याकडे आधीच ढीगभर असतात.

आठवडाभरात उत्तर नाही आलं तर त्याच पत्राखाली एकदा आठवण द्यावी आणि तिच्यात नवीन काही असावं. ‘गेल्या आठवड्यात आणखी ४० माग जोडले गेले, एक कारखाना सोडून गेला’ असं. सोडून गेलेल्या कारखान्याबद्दल वाचणारा हमखास विचारतो, आणि ते विचारायला त्याला भेट ठरवावी लागते.