जुन्या फोटोवरची केशरी तारीख काढायची? आधी निळा चॅनेल बघा

जुने फोटो स्कॅन करून मोठे करून द्यायचं काम सुरू केलंत, की एक मागणी हमखास येणार. "दादा, ही कोपऱ्यातली तारीख तेवढी काढून द्या ना." व्हिडिओत हे काम भराभर दाखवलं गेलं, म्हणून इथे सावकाश सांगतो.

ही तारीख कागदावर छापलेली नसते. कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणातले छोटे लालसर दिवे फिल्मवर पाठीमागून उमटायचे. रंगीत फिल्ममध्ये लाल प्रकाश टिपणारा थर पाठीकडेच असतो, त्यामुळे डाग मुख्यतः त्याच थरात पडतो. थोडा हिरव्यात जातो आणि निळ्यात सगळ्यात कमी. म्हणून आकडे केशरी दिसतात. गिऱ्हाईक म्हणालं, "निगेटिव्ह आणून देतो, त्यावर नसेल," तर हेलपाटा वाचवा. तारीख निगेटिव्हवरही आहेच.

आता एक फोटो घेऊ. इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ तुम्हाला माहीत असेलच. उजनीच्या पाण्यात गेलेलं हे देऊळ पाणी फार ओसरलं की वर येतं. अशाच एका उन्हाळ्यात देवळासमोर आजी-आजोबा उभे राहिलेला ४ बाय ६ इंचाचा प्रिंट माझ्याकडे आला होता. तारखेचे पहिले आकडे काळ्या दगडावर होते आणि शेवटचे चकाकत्या पाण्यावर. पाण्यावरचे आकडे जेमतेम दिसत होते, कारण फिल्मवर आधीच भरपूर उजेड पडलेला असला की दिव्याचा वेगळा डाग फारसा उठत नाही. खरं काम होतं ते दगडावर.

मी ६०० डीपीआयला स्कॅन केलं आणि फाइल `TIFF` ठेवली. स्कॅनरचं शार्पनिंग आणि धूळ काढणं बंद ठेवलं, नाहीतर आकड्याच्या कडेला पांढरी रेघ उठते आणि ती पुसायचं काम वाढतं. तीन मिलिमीटरचा आकडा या स्कॅनमध्ये साधारण ७० पिक्सेल उंच येतो. म्हणजे काम करायला जागा पुरेशी मिळते.

बरेच जण इथे थेट `Heal` चालवतात. पाण्यावर ते चालून जातं. दगडावर मात्र दोन चिऱ्यांमधली रेघ पुसली जाते आणि तिथे गुळगुळीत मेण ओतल्यासारखा पट्टा दिसतो. त्याऐवजी `GIMP` मध्ये `Colors > Components > Decompose` मधून `RGB` निवडा. लाल, हिरवा आणि निळा असे तीन राखाडी थर वेगळे होतात. एकेक बघा. लालमध्ये आकडे पांढरेफटक होते, हिरव्यात मध्यम, आणि निळ्यात दगडाची रेघ जवळजवळ शाबूत होती!

मग आकड्यांभोवती, लाल धूसर कडा आत येईल इतकी सैल निवड केली आणि तिला ४ पिक्सेल `Feather` दिलं. निळ्या थरातला तेवढा तुकडा कॉपी करून लाल थरावर त्याच जागी बसवला. `Levels` ने त्याचा उजेड शेजारच्या दगडाशी जुळवला आणि तो खालच्या थरात मिसळून टाकला. हिरव्यातही तेच केलं. शेवटी `Recompose`. दगड राखाडी असल्यामुळे तिन्ही थर एकमेकांसारखेच असतात, म्हणून हे जमलं. लाल साडी किंवा हिरवं शेत असेल तर थरांमधला फरक मोठा असतो, तिथे नुसत्या `Levels` ने भागत नाही. जरीच्या काठावर तर मी `Clone` घेऊन काठाच्या दिशेनेच सरकतो. त्याला चाळीस-पन्नास मिनिटं लागतात, पाण्यावरच्या तारखेला पाच. त्यामुळे तारीख कशावर पडलीये हे बघितल्याशिवाय भाव सांगू नका बरं का.

आकड्याचा अगदी मधला भाग कधीकधी निळ्यातही जळालेला असतो. तेवढाच ठिपका `Clone` ने भरा. मग शंभर टक्क्यांवर बघा. दुरुस्त जागा आजूबाजूपेक्षा गुळगुळीत वाटली तर फिल्मचे कण तिथे हरवलेत. `RGB Noise` अगदी थोडा द्या. स्क्रीनवर पटलं तरी तेवढा कोपरा मोठ्या साइझला छापून बघा. लाल सावली राहिली असेल तर ती प्रिंटमध्ये लगेच डोळ्यात भरते.

फोटो द्यायला गेलो तेव्हा नातू म्हणाला, "पण देऊळ कोणत्या साली वर आलं होतं, ते आता कसं कळणार?" मूळ स्कॅन मी ठेवलंच होतं. दोन्ही फाइली दिल्या आणि तारीख फाइलच्या नावात घातली. घालण्याआधी एकदा विचारून घेतलं, कारण सेल बदलल्यावर तारीख लावायची राहून गेली, तर हे कॅमेरे खुशाल भलतीच तारीख छापायचे.