टिकटिक वाढली की गाडी काय सांगत असते

मागच्या इंडिकेटरचे जुने बल्ब काढून एलईडी बसवले की बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवरचा हिरवा बाण दुप्पट वेगाने लुकलुकायला लागतो. बल्ब नवा, उजेड झगझगीत, वायरिंगही ठीक. तरी गाडी बल्ब गेल्याची तक्रार करते. ती तक्रार खोटी असली तरी गाडीचा हिशेब मात्र बरोबर असतो.

एखादी साधी हॅचबॅक घ्या. एका बाजूला पुढे आणि मागे २१ वॅटचे दोन बल्ब आणि फेंडरवर ५ वॅटचा छोटा, म्हणजे एकूण ४७ वॅट. १२ व्होल्टला हे तिन्ही मिळून जवळपास ३.९ अँपिअर करंट खेचतात. फ्लॅशर रिलेला बल्ब दिसत नाही, तो फक्त हा करंट मोजतो. मागचा बल्ब उडाला तर करंट २.२ अँपिअरवर येतो, आणि चालकाला कळावं म्हणून रिले टिकटिक वाढवतो. एरवी इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावा असा दंडक आहे. आता मागे ३ वॅटचा एलईडी लावला, तर करंट भरतो २.४ अँपिअर. २.२ आणि २.४ यांत रिलेने फरक तो काय करायचा?

यावरचा जुना इलाज म्हणजे लोड रेझिस्टर, पंखे असलेल्या सोनेरी अॅल्युमिनियमच्या खोळीतला, ६ ओहम ५० वॅटचा. तो एलईडीला समांतर जोडायचा: एक टोक इंडिकेटरच्या वायरला, दुसरं अर्थला. १२ व्होल्टला त्यातून २ अँपिअर जातात, म्हणजे काढलेल्या बल्बचा करंट भरून निघतो. हाच रेझिस्टर चुकून एलईडीच्या ओळीत जोडला गेला, तर करंट वाढत नाही आणि टिकटिक तशीच राहते.

खरी काळजी उष्णतेची. इंजिन चालू असताना व्होल्टेज १३.८ च्या आसपास असतं, तेव्हा हा रेझिस्टर ३० वॅटहून जास्त उष्णता टाकतो. इंडिकेटर अर्धा वेळ बंद असल्याने सरासरी निम्मी होते, तरी हॅझर्ड लावून गाडी बराच वेळ उभी राहिली तर रेझिस्टरला बोट लावता येत नाही. म्हणून तो बॉडीच्या उघड्या पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवावा लागतो. वायरिंगच्या जुडग्यावर टेपने गुंडाळला किंवा दिव्याच्या प्लॅस्टिकला टेकवला, तर इन्सुलेशन वितळतं. ब्रेक लाइटला लावलेला तर सिग्नलवर पाय पेडलवर असेपर्यंत सलग तापतो. आणि एलईडीने वाचवलेली वीज तिथेच पत्र्यात जिरते, हा वेगळा विनोद.

सुटा फ्लॅशर असलेल्या गाडीत याहून सरळ वाट आहे. करंट न मोजता ठरलेल्या गतीने चालणारा एलईडी फ्लॅशर त्या जागी बसवायचा. दुचाकींवर हेच करतात. मात्र पिना जुळतात का, हे आधी पाहून घ्यावं.

नव्या गाड्यांत सुटा रिले नसतोच. दिव्यांचा कारभार कंट्रोल युनिटकडे असतो, आणि ते दिवा बंद असतानाही मधूनमधून क्षणभर करंट सोडून फिलामेंट शाबूत आहे का ते चाचपतं. जुन्या बल्बला त्याचा पत्ता लागत नाही, एलईडी मात्र तेवढ्यावर चमकतो. नंबरप्लेटचा दिवा गाडी बंद असताना हलकेच लुकलुकत असेल तर कारण बहुधा हेच. शिवाय काही गाड्या दिव्याला सलग करंट न देता तुकड्यातुकड्यांत देतात, त्यातही एलईडी थरथरतो. इथे डिकोडर कामी येतो. नाव भारदस्त असलं तरी आत साधारणपणे रेझिस्टर, कपॅसिटर आणि डायोड असतात: कपॅसिटर तुटक करंट सलग करतो, रेझिस्टर बल्बइतका भार दाखवतो. स्वस्त मालात फक्त रेझिस्टरच निघतो, मग थरथर कायम. चांगला डिकोडर प्रत्येक गाडीला चालेलच असंही नाही. थंड फिलामेंटचा रोध तापलेल्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो, ६ ओहमचा रेझिस्टर मात्र थंड-गरम सारखाच. ज्या गाडीची चाचणी या फरकावर बेतलेली आहे ती दिव्याची चूक दाखवतच राहते. काही गाड्यांत कंट्रोल युनिटचं कोडिंग बदलून दिवा एलईडी असल्याचं सांगता येतं. तिथे रेझिस्टर लागतच नाही.

खर्च करण्याआधी एक परीक्षा करावी. एलईडी काढून जुना बल्ब परत लावायचा. टिकटिक मूळ गतीवर आली तर दोष भाराचाच. नाही आली तर त्याच बाजूचा दुसरा बल्ब किंवा गंजलेली अर्थ तपासा.

रेझिस्टर बसवल्यावर मात्र एक गोष्ट कायमची जाते, आणि दुकानदार ती सहसा सांगत नाही. उद्या एलईडी खरंच मेला तरी रेझिस्टर आपले २ अँपिअर खेचत राहील, टिकटिक नेहमीच्याच गतीने चालेल आणि मागच्या गाडीवाल्याला तुमचं वळण कळणार नाही. एलईडी फ्लॅशरचंही तेच. त्यामुळे अशा गाडीत अधूनमधून हॅझर्ड लावून, खाली उतरून, सगळे दिवे डोळ्यांनी पाहावे लागतात.