पगारवाढीच्या पत्रातला हिशेब

पगारवाढीच्या पत्रात वाढ बहुतेक वेळा सीटीसीवर, म्हणजे कर्मचाऱ्यापायी कंपनीला येणाऱ्या एकूण खर्चावर सांगितलेली असते. कर्मचारी मात्र महिन्याच्या शेवटी बँकेत जमा होणारी रक्कम पाहतो. हे दोन आकडे एकाच प्रमाणात वाढतीलच असे नाही. दोहोंमधला फरक कुठे गेला, हे पत्रातून कळले पाहिजे.

पुण्यातल्या एका खासगी कंपनीतल्या पुरुष कर्मचाऱ्याचे कल्पित उदाहरण घेऊ. त्याची मासिक सीटीसी ४०,००० रुपयांवरून ४४,००० रुपये झाली, म्हणजे दहा टक्के वाढ. त्याच वेळी कंपनीने मूळ वेतन सीटीसीच्या ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले. या उत्पन्नावर त्याला आयकर लागत नाही असे धरले आहे.

| घटक (दरमहा, रुपये) | जुना | नवा |
|---|---|---|
| मूळ वेतन | १६,००० | २२,००० |
| घरभाडे भत्ता | ६,४०० | ८,८०० |
| विशेष भत्ता | १४,९११ | ९,५०२ |
| एकूण पगार | ३७,३११ | ४०,३०२ |
| कंपनीचा पीएफ | १,९२० | २,६४० |
| ग्रॅच्युइटीची तरतूद | ७६९ | १,०५८ |
| सीटीसी | ४०,००० | ४४,००० |
| कपात: कर्मचाऱ्याचा पीएफ | १,९२० | २,६४० |
| कपात: व्यवसाय कर | २०० | २०० |
| हातात येणारा पगार | ३५,१९१ | ३७,४६२ |

सीटीसी ४,००० रुपयांनी वाढली, पण हातात २,२७१ रुपयेच जास्त येतात. उरलेल्या १,७२९ रुपयांपैकी ७२० कंपनीच्या वाढलेल्या पीएफमध्ये, ७२० कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या पीएफमध्ये आणि २८९ ग्रॅच्युइटीच्या तरतुदीत गेले. पत्रात एवढी एक बेरीज दिली, तरी ‘माझी वाढ कापली’ ही तक्रार बहुतेक उरत नाही.

यानंतर प्रत्येक घटकाचा आधार सांगावा. मूळ वेतन हा हिशेबाचा पाया आहे. या उदाहरणात घरभाडे भत्ता त्याच्या ४० टक्के आहे, पीएफ १२ टक्के आहे आणि ग्रॅच्युइटीही त्याच्यावरच ठरते. ग्रॅच्युइटी दर वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी असते आणि त्यासाठी महिना सव्वीस दिवसांचा धरतात, म्हणून महिन्याची तरतूद मूळ वेतनाच्या सुमारे ४.८१ टक्के येते. मूळ वेतन वाढले की हे सगळे आकडे वाढतात आणि त्यांना जागा करून देण्यासाठी विशेष भत्ता कमी होतो. या भत्त्याला स्वतःचे सूत्र नसते. बाकीचे घटक भरून उरलेली रक्कम त्यात टाकतात. हे न सांगता पत्रात ५,४०९ रुपयांची घट दिसली, तर वाचणाऱ्याला भत्ता काढून घेतल्यासारखे वाटते. मूळ वेतनाचे प्रमाण का वाढवले, तेही एका वाक्यात लिहावे. वेतन संहिता, २०१९ मध्ये, वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. कारण हेच असेल, तर तसे स्पष्ट म्हणावे.

पीएफ नेमका किती रकमेवर धरला, हेही लिहायला हवे. काही कंपन्या संपूर्ण मूळ वेतनावर वर्गणी भरतात, तर काही १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर, म्हणजे दरमहा १,८०० रुपये. या कर्मचाऱ्याचा पीएफ मर्यादेवर धरला असता, तर मूळ वेतन वाढूनही पीएफचा आकडा हलला नसता.

कपातींच्या रकान्यात फक्त कर्मचाऱ्याच्या पगारातून वळते होणारे पैसे असावेत. कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी तिथे लिहिल्या, तर कर्मचारी त्या दुसऱ्यांदा वजा करून चुकीचा आकडा काढतो. ग्रॅच्युइटी दरमहा मिळत नाही, ती नोकरी सोडताना आणि सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळते, ही अटही तिथेच लिहावी. महाराष्ट्रात या पगारावर व्यवसाय कर दरमहा २०० रुपये, पण फेब्रुवारीत ३०० रुपये असतो. ही तळटीप नसेल, तर फेब्रुवारीत शंभर रुपये कमी का आले, असा प्रश्न हमखास येतो.

शेवटी वाढ लागू होण्याची तारीख आणि फरकाची रक्कम. वाढ एप्रिलपासून असेल आणि नवा पगार जुलैपासून सुरू होणार असेल, तर एप्रिल, मे आणि जूनचा फरक २,२७१ गुणिले तीन, म्हणजे ६,८१३ रुपये होतो. तो जुलैच्या पगारासोबत, पण वेगळ्या ओळीत दाखवावा. तसे केले नाही, तर जुलैत ४४,२७५ रुपये आलेले पाहून तोच नवा पगार समजला जातो आणि ऑगस्टमध्ये ३७,४६२ आले की पगार कमी झाल्याची तक्रार येते.